हात पिठात आणि तोंड माइकपाशी: सांबारवडी करून दाखवताना बोलायचं कसं

हिवाळा लागला की नागपुरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, मुबलक येतो आणि त्यासोबत सांबारवडी करून दाखवण्याची बोलावणीही येतात. कुठे बचत गटाचं प्रदर्शन असतं, कुठे सोसायटीचं हळदीकुंकू, कुठे महिला मंडळाचा मेळावा. वडी उत्तम जमणाऱ्या बायका आणि पुरुष आपल्याकडे भरपूर आहेत. पण साठ-सत्तर माणसांसमोर उभं राहून ती करायची आणि करता करता सांगायची वेळ आली की अडचण होते. हात चालू झाले की तोंड बंद पडतं, किंवा तोंड चालू राहतं आणि वड्या कढईत फुटतात.

मी अशी प्रात्यक्षिकं बऱ्याच काळापासून करते आहे. शिकायला येणाऱ्यांना मी हे ज्या क्रमाने सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते. उदाहरण मुद्दाम सांबारवडीचंच घेतलंय, कारण तिच्यात सगळ्या तऱ्हेची कामं येतात: चिरणं, भाजणं, मळणं, लाटणं, घडी घालणं आणि तळणं. प्रत्येक कामात बोलायची पद्धत वेगळी आहे.

## आधी जमवायच्या वस्तू

दहा वड्यांचं साहित्य हे असं:

- सांबार दोन मोठ्या जुड्या, निवडून, धुऊन, पूर्ण कोरडा करून (चिरल्यावर साधारण चार वाट्या)
- बेसन एक वाटी, कणीक अर्धी वाटी, मोहनाला दोन मोठे चमचे तेल
- किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, तीळ दोन चमचे, खसखस दोन चमचे
- आलं-लसूण-हिरवी मिरची वाटून, काळा मसाला, तिखट, हळद, ओवा, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू
- आतून लावायला पाव वाटी चिंचेचा दाट कोळ, त्यात थोडं तेल आणि मसाला
- तळायला फल्लीचं तेल

बोलण्यासाठी लागणारं सामान वेगळं आहे आणि तेच घरी राहून जातं. कॉलर माइक, त्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या, कोरडे पंचे किमान तीन, पाण्याची बाटली, मोठ्या अक्षरांत लिहिलेली क्रमाची कार्डं आणि प्रत्येक टप्प्याचा आधी करून ठेवलेला ट्रे.

कागदही लागतात. सभागृहात गॅस पेटवायची परवानगी लेखी घ्या. तोंडी "हो, चालते" म्हणणारा माणूस त्या दिवशी सुटीवर असतो. परवानगी मिळत नसेल तर इंडक्शन वापरावं लागेल, आणि मग आदल्या दिवशी जाऊन टेबलाजवळचा प्लग बघून या. घरगुती इंडक्शन साधारण 2000 वॅटचं असतं. त्याला मोठा, 15-16 अँपियरचा प्लग लागतो, पंख्या-दिव्यांचा लहान प्लग ते पेलत नाही. कढईही सपाट बुडाची आणि चुंबक चिकटणारी हवी.

## 1. वेळ कापा, पण कापलेली वेळ बोलून दाखवा

सांबार सुकवायचा वेळ सोडून घरी ही वडी दीड तास घेते. व्यासपीठावर तुम्हाला पंचवीस-तीस मिनिटं मिळतात. म्हणून काही टप्पे आधी करूनच न्यावे लागतात: चिरलेला सांबार, भिजवून ठेवलेलं पीठ, भाजलेलं खोबरं-खसखस, घडी घातलेल्या चार वड्या आणि चवीसाठी तळलेल्या वड्या.

एक ट्रे बाजूला सरकवून दुसरा पुढे ओढताना नवीन माणूस गप्प राहतो. बघणाऱ्याला वाटतं, पीठ मळलं की लगेच लाटायचं. तो घरी तसंच करतो आणि त्याची पारी कडेला चिरते. म्हणून ट्रे बदलताना हे वाक्य आलंच पाहिजे: "हे पीठ मी आत्ता मळलं, ते झाकून ठेवते. लाटायला घेते ते वीस मिनिटांपूर्वी मळलेलं. तुमचं पीठही वीस मिनिटं झाकून ठेवा, मगच लाटायला घ्या."

तेच सांबाराचं. तो धुतल्यावर पंच्यावर पसरून दोन-तीन तास सुकवलाय हे सांगितलं नाही, तर ऐकणारी बाई बर्डीच्या बाजारातून जुडी आणेल, धुवेल आणि ओलीच चिरेल. ओला सांबार म्हणजे कढईत फुटलेली वडी. टेबलावर नुसता चिरलेला हिरवा ढीग दिसतो, त्यामागचे तीन तास दिसत नाहीत. ते तुम्हालाच बोलून दाखवायचे आहेत.

आणि एक मूठ तरी सांबार सगळ्यांसमोर चिरा. दांडे किती घ्यायचे आणि बारीक म्हणजे किती, हे त्याशिवाय कळत नाही.

## 2. माइक कुठे लावायचा

हातात धरायचा माइक इथे कामाचा नाही, हे आयोजकांना आधीच सांगा. दुसऱ्या कोणी तुमच्या तोंडापुढे माइक धरून उभं राहणं तर त्याहून वाईट. तो माणूस टेबल झाकतो, आणि तुम्ही कढईकडे वळलात की माइक हवेत राहतो.

कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावा. साडी असेल तर पदराच्या कडेला लावू नका. पदर हलला की खरखर येते, आणि वाकल्यावर माइक कापडाखाली जातो. ब्लाऊजच्या गळ्याला किंवा एप्रनच्या पट्टीला लावा, आणि पदर खोचून घ्या. शेगडीपाशी तो तसाही खोचलेलाच हवा. कढई तुमच्या उजव्या हाताला असेल तर माइक मध्यापासून जरा उजवीकडे सरकवा. तळताना तुमचं तोंड उजवीकडेच वळलेलं असणार. माइकचा कमरेला लावायचा डबा पाठीमागे, आणि वायर कपड्याच्या आतून. लोंबणारी वायर कढईच्या कानात अडकू शकते.

डोक्यावरून गालापाशी येणारा हेडसेट माइक मिळाला तर फारच चांगलं. मान कशीही वळली तरी तो तोंडासोबत वळतो.

सभागृहातला आवाजही ऐकून घ्या. एप्रिल-मे मध्ये कार्यक्रम असेल तर कूलर चालू असणारच, आणि कूलरजवळच्या दोन रांगांना तुमचं काही ऐकू जाणार नाही. तुमचं टेबल कूलरच्या दुसऱ्या टोकाला मागा. त्या दिवसांत सांबारही लवकर मान टाकतो, म्हणून उन्हाळ्यात ही वडी शिकवायचं बोलावणं मी घेतच नाही, दुसरा पदार्थ सुचवते. मिक्सर व्यासपीठावर आणूच नका. वाटण घरून करून न्या.

## 3. तोंड हाताच्या एक पाऊल पुढे ठेवा

सगळी गोम इथे आहे.

नवशिका माणूस हात जे करतात ते मागून सांगत जातो: "हे मी आता तीळ टाकले... हे हलवून घेतलं..." ऐकणारा वहीत लिहीत असतो. तो मान वर करेपर्यंत तीळ पडून गेलेले असतात. हाताच्या अगदी बरोबरीने बोलणंही पुरत नाही, कारण एखादा शब्द सुटला की ती कृतीही सुटते.

म्हणून आधी सांगा, मग करा, आणि करून झालं की खूण सांगा. खोबरं-खसखस भाजण्याचं उदाहरण घ्या:

"आता आपण खसखस कोरडीच भाजणार आहोत. दोन चमचे. गॅस बारीक." इथपर्यंत हात स्थिर. लोकांनी मान वर केली आहे. मग खसखस कढईत टाका आणि हलवायला लागा. हलवताना जास्त बोलू नका. मग: "रंग जरासा बदलला, आणि कढईतून हलका खमंग वास यायला लागला. इथेच थांबायचं. लगेच ताटलीत काढून घेते, कारण गरम कढईत ती जळत राहते."

शेवटच्या भागात रंग आला, वास आला आणि कारण आलं. वास पहिल्या रांगेच्या मागे पोचत नाही, खसखशीचा रंग तर तिसऱ्या रांगेपासूनच दिसत नाही. तुम्ही खूण बोललात नाही तर घरी गेल्यावर त्यांच्याकडे फक्त "खसखस भाजा" एवढंच उरतं. आणि "दोन मिनिटं भाजा" असं घड्याळावर सोडू नका. त्यांची कढई पातळ असेल, त्यांचा गॅस मोठा असेल. मिनिटं सांगा, पण खूण त्याच्यासोबत सांगाच.

## 4. "हे", "असं", "इतकं" हे शब्द काढून टाका

हात भरलेले असताना बोट दाखवता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच तोंडातून "हे असं घ्यायचं" निघतं. मागच्या रांगेतल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. टेबलावर कॅमेरा लावून पडद्यावर दाखवत असले तरी कॅमेरा नेमका त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर असू शकतो.

"इतकं पीठ घ्या" ऐवजी "लिंबाएवढा गोळा घ्या". "एवढी पारी लाटा" ऐवजी "तळहातापेक्षा बोटभर मोठी, पुरीपेक्षा जरा पातळ". "असं घट्ट" ऐवजी "पुरीच्या कणकेसारखं घट्ट, बोट दाबलं तर खड्डा राहील, पण बोटाला चिकटणार नाही". वाटी म्हणताना एकदा वाटी उचलून दाखवा आणि सांगा की सगळी मापं याच वाटीची आहेत.

डावं-उजवंही सांभाळा. तुमचा उजवा हात समोरच्यांच्या डाव्या बाजूला दिसतो. "उजवी कड दुमडा" म्हटलं की अर्धे लोक उलटी कड दुमडतात. "माझ्याकडची कड" आणि "तुमच्याकडची कड" म्हणा, गोंधळ होत नाही.

आमच्याकडच्या शब्दांचीही काळजी घ्या. पुण्या-मुंबईकडून आलेली सून किंवा नोकरीसाठी आलेलं कुटुंब सभागृहात असतंच. "सांबार, म्हणजे कोथिंबीर" एकदा सुरुवातीला म्हणा आणि पुढे खुशाल सांबारच म्हणत राहा. ही वडी काही घरांत पुडाची वडी म्हणून ओळखतात, तेही एकदा सांगून टाका.

## 5. कोणत्या कामात बोलायचं आणि कोणत्या कामात गप्प राहायचं

चिरताना लोकांकडे बघू नका. नजर वर गेली की बोट पुढे येतं. तीन-चार वेळा चिरा, सुरी पाटावर टेकवा, मग मान वर करून बोला. सुरी चालू असताना शांतता राहिली तर राहू द्या. सांबार चिरण्याचा आवाजही लोकांना ऐकायला हवा असतो.

मळताना धाप लागते. पीठ दाबताना माणूस नकळत श्वास रोखतो, आणि बोलायला तर तोच श्वास बाहेर सोडावा लागतो. त्यामुळे मळता मळता बोलणाऱ्याचं वाक्य मधेच तुटतं आणि माइकमध्ये हुंकार ऐकू येतात. दोनदा दाबा, हात सैल सोडा, एक छोटं वाक्य बोला, परत दाबा. वाक्यं छोटीच ठेवा. "मोहन गरम करून घातलंय." दाबा. "पाणी लागेल तसंच, चमच्याने." दाबा. "बेसन आहे, पाणी जास्त झालं की एकदम सैल पडतं."

लाटणं हे बोलायला सगळ्यात सोयीचं काम. हाताला सवय असते, धोका नसतो, श्वासही लागत नाही. कारणं, पर्याय, बाजारातल्या सूचना, सगळं लाटताना सांगा. सांबार कसा निवडायचा, खोबरं सुकंच का घ्यायचं, मैद्याऐवजी कणीक का, हे बोलणं इथल्यासाठी राखून ठेवा. चिरताना आणि तळताना ते बोलायची गरज मग पडत नाही.

तेलात वडी सोडताना तोंड पूर्ण बंद. आधी सांगून घ्या, "आता सोडते", आणि सोडून हात मागे येईपर्यंत एक शब्दही नको. इथे बोलण्यात लक्ष गेलं तर वडी वरून पडते आणि तेल मनगटावर उडतं.

## 6. मिठाची जागा: जे हात आपसूक करतात ते बोलायचं राहून जातं

ज्या कामाची हाताला सगळ्यात जास्त सवय आहे, तेच तोंडातून निसटतं. मीठ, हिंग, चिमूटभर साखर, हाताला तेल लावणं, ओट्यावरचा पंचा उचलणं, गॅस बारीक करणं. तुम्ही हे बघतही नाही, मग सांगणार कसं?

सांबारवडीत मिठाची गोष्ट तर फार महत्त्वाची आहे. सारणात मीठ घातलं की सांबाराला पाणी सुटायला लागतं. म्हणून मीठ आणि लिंबू अगदी शेवटी, भरायला बसण्याच्या आधी घालायचं, आणि शक्यतो एका वेळी निम्म्याच सारणात. अनुभवी हात बरोबर त्याच वेळी मीठ उचलतो. पण "मीठ चवीनुसार" एवढंच ऐकलेली बाई घरी सुरुवातीलाच मीठ घालते, पीठ मळून येते आणि बघते तर सारणाच्या तळाशी पाणी साचलेलं.

म्हणून दोनदा बोला. तीळ-खोबरं-मसाला मिसळताना एकदा: "यात अजून मीठ घातलेलं नाही, मुद्दाम." आणि घालताना पुन्हा: "आता पारी लाटून तयार आहे, म्हणून आता मीठ. यानंतर सारण ठेवून द्यायचं नाही."

असे निसटणारे क्षण शोधायचा उपाय म्हणजे घरी एकदा तालीम करा आणि फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करा, चित्र नको. मग ज्याने ही वडी कधी केली नाही अशा कोणालाही तो आवाज ऐकवून ओट्याशी उभं करा. तो कुठे थांबतो ते बघत राहा. "काकू, गॅस कधी पेटवायचा?" असं त्याने विचारलं की समजायचं, तिथे एक वाक्य कमी आहे. ते कार्डावर लाल पेनाने लिहून टाका. आवाज तुम्ही स्वतः ऐकलात तर ती जागा सापडणार नाही, कारण तुमचं मन रिकामी जागा भरून घेतं.

## 7. घडी घालतानाचं बोलणं, जसंच्या तसं

घडी हा या वडीचा सगळ्यात नाजूक भाग, आणि दोन्ही हात त्यात गुंतलेले असतात. इथे आयत्या वेळी सुचेल तसं बोलू नका, वाक्यं पाठ करा. मी साधारण असं बोलते:

"पारी तयार आहे. आता तिच्यावर चिंचेचा कोळ लावायचा आहे, एक छोटा चमचा. मधेच लावा, कडा बोटभर कोरड्या सोडा. कडेला तेलकट कोळ लागला की ती चिकटत नाही, तेलात उघडते."

(लावते. गप्प.)

"आता सारण, दोन मोठे चमचे. मधोमध, आडवं, बोटाएवढं लांब ठेवा. डोंगर करू नका."

(ठेवते.)

"माझ्याकडची कड उचलून सारणावर टाकते. हलकं दाबून हवा बाहेर काढते. हवा आत राहिली तर वडी फुगते आणि फुटते."

(करते.)

"आता तुमच्याकडची कड त्याच्यावर. कडेला पाण्याचं एक बोट लावलंय, म्हणजे चिकटेल. आता दोन टोकं राहिली, डावं आणि उजवं. दोन्ही खालच्या बाजूला दुमडायची आणि वडी पालथी ठेवायची. वजनाने टोकं आपोआप दबून राहतात."

मग वडी तळहातावर घ्या, पहिल्या रांगेपर्यंत हात लांब करा आणि फिरवून दाखवा. त्या वेळी बोलू नका, बघू द्या.

दुसरी वडी थोड्या वेगाने करा आणि फक्त शब्द टाका: "कोळ. सारण. माझी कड. हवा. तुमची कड. टोकं. पालथी." तिसरी करताना सगळ्यांकडून म्हणून घ्या. सभागृहातल्या बायकांना हे फार आवडतं, आणि घरी जाईपर्यंत क्रम पाठ झालेला असतो. चौथी वडी व्यासपीठावर कोणाला तरी बोलावून तिच्या हातून करून घ्या. ती चुकेल तिथे तुम्हाला कळेल की तुमचं कोणतं वाक्य पोचलं नाही.

## 8. तेल तापण्याची वाट आणि तळण

तेल तापायला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि नवीन माणूस ही मिनिटं इकडच्यातिकडच्या गप्पांनी भरून काढतो. तेल आधीच, तुम्ही लाटायला बसता तेव्हा, बारीक आचेवर ठेवायला जोडीदाराला सांगा, आणि ते माइकवरही बोला: "ताई, तेल ठेवा. बारीकच राहू द्या." लोकांनाही क्रम कळतो. कढईवर नजर कोणाची राहणार हेही त्यातच ठरवा. ते ठरलेलं नसेल तर तेल टेबलावर एकटं सोडू नका.

तेल बरोबर तापलं की नाही, हे पिठाच्या लहान तुकड्याने दाखवा. आधी सांगा काय बघायचं: "तुकडा तळाशी जाईल आणि सावकाश वर येईल, बाजूने बारीक बुडबुडे. टाकल्या टाकल्या वर उसळला तर तेल फार गरम आहे." मग टाका. बेताचं तेल इथे का हवं हेही सांगा. घडीमुळे पारीचे एकावर एक थर आलेले असतात. तेल कडक असलं तर वरचा थर तांबूस होतो आणि आतला कच्चा, पिठूळ राहतो. वरून सुंदर दिसणारी वडी मोडून बघितल्याशिवाय हा दोष कळत नाही, म्हणून पहिली वडी सगळ्यांसमोर मोडून दाखवाच.

वड्या पडल्या की कढईचा आवाज माइकमध्ये शिरतो. त्याच्याशी स्पर्धा करू नका, आवाज चढवलात की घसा बसतो आणि शब्द फुटतात. उलट त्या आवाजाचाच उपयोग करा. वडी टाकल्यावर जोरात चुरचुर होते, कारण पारीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. पाणी संपत आलं की आवाज उतरतो. लोकांना सांगा, "ऐका, आता किती जोरात आहे." मग थांबा. मिनिट-दोन मिनिटांनी: "आता उतरला बघा. आता उलटायची." तळणाची ही खूण शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, तिथे रंग दिसत नसला तरी.

एका वेळी तीन किंवा चारच वड्या सोडा. जास्त सोडल्या की तेल थंड पडतं आणि वड्या तेल पितात.

एखादी वडी फुटलीच तर लपवू नका आणि सारखी माफीही मागू नका. सांबार तेलात पसरतो, काळा पडतो, तो झाऱ्याने लगेच काढायचा असतो. काढता काढता कारण सांगा: "टोक नीट दबलं नव्हतं. सारण बाहेर आलं. तेलातले तुकडे आधी काढून घेते, नाहीतर पुढच्या वड्यांना करपट वास लागतो." फुटलेली वडी कशी हाताळायची, हे लोकांना एरवी कोणी दाखवत नाही.

मिरचीचा ठसका लागला तर माइक बंद करायचं बटण जोडीदाराला आधीच दाखवून ठेवा. तुमचे हात तेव्हा तेलकट असतील.

## 9. मधेच येणारे प्रश्न

प्रश्न येतातच, आणि नेमके हात गुंतलेले असतात तेव्हा येतात. "काकू, साखर टाकता का?" असं मागून कोणी विचारलं तर आधी प्रश्न स्वतः माइकवर म्हणा, "साखर घालतो का असं विचारलंय", कारण बाकीच्यांनी तो ऐकलेलाच नसतो. मग उत्तर द्या: चिमूटभर, चिंचेचा आंबटपणा सावरायला.

तळण चालू असताना आलेला प्रश्न मात्र थांबवा. "वडी बाहेर काढली की सांगते" एवढं पुरे. जोडीदाराला तो लिहून ठेवायला सांगा, कारण तुम्ही विसराल. वड्या निथळायला ठेवल्या की यादीतले प्रश्न एकेक करून घ्या. आधी करून ठेवता येतात का, हा प्रश्न हमखास असतो. भाजलेलं खोबरं-तीळ-खसखस चार दिवस आधी करून डब्यात राहतं, सांबार आदल्या दिवशी निवडून कोरडा ठेवता येतो, पण घडी घातलेली कच्ची वडी फार वेळ ठेवू नका, सारणाचं पाणी पारीत उतरतं.

ताटल्या वाटायला लागलात की बोलणं आटोपतं घ्या. हातात गरम वडी आणि वाटीत कढी आल्यावर कोणी ऐकत नाही. तीळ, खसखस आणि बेसन वडीत आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी घेऊ नये, हे वाक्य वाटप सुरू होण्याच्या आधी बोला. क्रमाचं छापील कागद मात्र वडी खाऊन झाल्यावर, हात पुसून झाल्यावर द्या.